खाट नंबर सत्तावीसचा कागद

शोभाने मला बाथरूमच्या नळाजवळ पकडलं, तो दवाखान्यातला पाचवा दिवस होता. आधीचे चार दिवस सांगितल्याशिवाय ते समजायचं नाही, म्हणून तिथूनच सांगते.

कवडू माझा धाकटा भाऊ आणि शोभा त्याची बायको. आमची आई गेली तेव्हा कवडू चार वर्षांचा होता. त्याला मी कडेवर घेऊन वाढवला. शोभा घरात आली त्याला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत आमचं एक दिवस पटलं नाही. मी तिच्या घरात नाक खुपसते असं ती म्हणते. ज्याला मी वाढवलं त्याचं घर माझं नाही का, असं मी म्हणते. माझं सासर त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे भांडायला लांब जावं लागत नव्हतं.

भिवापूरकडे आमची मिरची आहे. तोडा चालू होता. सकाळी कवडूने वाळक्या काड्यांच्या ढिगाऱ्याजवळ पाय ठेवला आणि परड चावली. घोणसीला आमच्याकडे परड म्हणतात. चावण्याआधी ती कुकरसारखी फुसफुसते, पण कवडूने ऐकलं नाही. पायाच्या घोट्यावर दोन दात लागले. बघता बघता पाय पोटरीपर्यंत सुजला.

मी म्हटलं, "शेजारच्या गावात झाडपाल्यावाला हाये, त्याले दाखवू आधी."

शोभा म्हणाली, "तुम्ही दाखवा तुमचं डोकं. मी याले दवाखान्यात घेऊन चालली."

शेजारच्या रोहितच्या मोटारसायकलवर कवडूला मध्ये बसवून ती निघून गेली. मला विचारलंसुद्धा नाही. मी मागून एसटीने गेले.

भिवापूरच्या दवाखान्यात त्यांनी त्याचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि न हलवता वीस मिनिटं उभं ठेवलं. मग नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. चांगल्या माणसाचं तेवढ्या वेळात दह्यासारखं घट्ट होतं म्हणे. तोवर कवडूच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि सुई टोचलेल्या जागेवरून थेंब थेंब गळत होतं. सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या सलाईनमधून दिल्या आणि ॲम्ब्युलन्समध्ये घालून नागपूरला पाठवलं. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात सहा तासांनी पुन्हा नळी भरली, पुन्हा पाणीच. आणखी दहा बाटल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नळी उलटी केली तरी रक्त खाली आलं नाही. हिरड्यांतलं रक्त थांबलं. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. अश्लेषा मॅडम. वय तिशीच्या आतलं, डोळे झोपेने लाल, आणि बोलणं कात्रीसारखं.

"रक्त गोठायला लागलं, चांगलं झालं. पण ह्या सापाचं विष किडनीवर बसतं. आता सगळं लघवीवर आहे. त्यांचं वजन साठ किलो. तासाला तीस मिली तरी लघवी व्हायला पाहिजे. प्रत्येक वेळची मोजायची, कागदावर लिहायची. कोण लिहिणार?"

"मी लिहीन," शोभा म्हणाली.

"मी लिहिते," मी म्हटलं. मला आकडे येतात. पन्नाशीनंतर शिकले, पण येतात.

"भांडा नंतर. दिवसा एक, रात्री एक," मॅडम म्हणाल्या.

रात्री शोभा आणि दिवसा मी असं ठरलं. वॉर्डात एका रोग्यामागे एकच पास. सकाळी आठला ती पास माझ्या हातात द्यायची आणि मनीषनगरात तिच्या मामेबहिणीकडे जायची. संध्याकाळी सातला यायची. पास देताना माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

लघवीसाठी नळी घातली नव्हती. रक्त गोठत नव्हतं तेव्हा नळी घालताना आत जखम झाली तर रक्त थांबलं नसतं, असं मॅडमनीच सांगितलं होतं. आणि कवडू शुद्धीत होता, बाटलीत करू शकत होता. प्लास्टिकची बाटली, तिच्यावर पन्नास-पन्नासच्या रेघा. केली की मी बाटली नेऊन बाथरूममध्ये ओतायची आणि कागदावर आकडा लिहायचा.

त्या सकाळी त्याने केली ती चहाच्या अर्ध्या कपाएवढी. रंग काळ्या चहासारखा. दुपारपर्यंत दुसरी नाही.

त्याच दुपारी मॅडम दोन शिकाऊ पोरींना घेऊन सत्तावीस नंबरच्या खाटेशी उभ्या राहिल्या आणि त्यांना विचारू लागल्या, "डायलिसिस कधी लावायचं? सांग." एक पोरगी म्हणाली, लघवी बंद झाली तर. मॅडम म्हणाल्या, "आणखी?" मग त्या दोघी आणखी काय काय सांगत राहिल्या. पोटॅशियम, छातीत पाणी, रक्त आंबट होणं, झापड येणं. मी पुढचं ऐकलंच नाही. लघवी बंद झाली तर, एवढंच माझ्या कानात राहिलं.

का राहिलं ते सांगते. माझा नवरा, मनोहरराव, त्याच डायलिसिसच्या मशीनवर गेला. वीस वर्षं साखरेचा आजार होता, त्याने किडन्या खाल्ल्या. आठवड्यातून दोनदा मशीन. डॉक्टर म्हणाले होते, आता हे कायमचं. दोन वर्षं मी त्याला घेऊन नागपूरच्या चकरा मारल्या. मशीनवरून उतरला की माणूस पिळलेल्या फडक्यासारखा दिसायचा. आणि दोन वर्षांनी मेलाच. मशीनवर चढलेला माणूस खाली उतरताना मी पाहिला नव्हता. त्या खोलीत पाच खाटा होत्या. दोन वर्षांत पाचही खाटांवरची माणसं बदलली, आणि बरं होऊन कोणीच गेलं नव्हतं.

म्हणून त्या दिवशी कागदावर मी चाळीसच्या जागी दोनशे लिहिले.

संध्याकाळपर्यंत सहाशे झाले. शोभाने रात्रीचे साठ लिहिले.

दुसऱ्या दिवशी चारुलता सिस्टर आल्या. त्या वॉर्डच्या सिस्टर, साठ खाटा आणि दोन हात. मला म्हणाल्या, "आजी, मोजल्यावर ओतू नका. बाटली मला दाखवायची, मग ओतायची."

"काहून? माह्यावर भरोसा नाही का?"

"भरोसा देवावर ठेवा. बाटली मले दाखवा."

तेव्हापासून मी नळाचं पाणी घालू लागले. कवडूने दिलेल्या थोड्याशा काळ्या लघवीत पाणी घातलं की रंग बरोबर लघवीसारखा व्हायचा. सिस्टर लांबून बघायच्या, "दोनशे? ठीक," म्हणायच्या आणि पुढच्या खाटेकडे पळायच्या. त्या दिवशी कागदावर साडेसातशे झाले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पुढच्या सकाळी मॅडमनी कागद बघितला.

"क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळायची घाण, रक्तात वाढतंय. दोनचं चार झालं, आज सहाच्या वर. पण लघवी आहे. पोटॅशियम थोडं जास्त आहे, हाताबाहेर नाही. लघवी होतेय तोवर थांबू. किडनी सावरू शकते." मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "काल जितकी लघवी झाली तितकं आणि वर पाचशे, एवढं पाणी द्या."

म्हणजे शोभाचे रात्रीचे चाळीस धरून जवळपास तेराशे. सिस्टरनी सलाईनची बाटली टांगली. ते थेंब पडताना मी बघत बसले. माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. आता येतं. मी ज्या आकड्याला लघवी म्हणत होते, तेवढंच पाणी रोज त्याच्या शिरेतून त्याच्या अंगात जात होतं, आणि बाहेर यायला वाट नव्हती.

कवडूचा चेहरा भरला. मी म्हटलं, तब्येत सुधारली. पाय दोन्ही सुजले. मी म्हटलं, विषाची सूज. एका पायाला चावलं होतं, तरी मी असं म्हटलं.

संध्याकाळी शोभा आली. त्याचं अंग पुसायला तिने सदरा वर केला आणि थांबली. कमरेचा काळा करगोटा मांसात रुतला होता. आठ दिवसांपूर्वी त्यात दोन बोटं जायची.

"आक्का, हा असा कसा फुगला?"

"बसून हाये तो. हलत नाही."

"लघवी होऊन राहिली तर फुगन कायले?" तिने कागद उचलला. "दिवसा साडेसातशे अन् रात्री चाळीस? याची किडनी काय ड्युटी लावून काम करते का? सूर्य उगवला का सुरू, मावळला का बंद?"

"रात्री माणूस झोपते. तुले शिकलेलीले एवढं समजत नाही?"

"मले बरंच समजते," ती म्हणाली. एवढंच.

पाचव्या दिवशी सकाळी तिने पास दिला आणि गेली. कवडूला धाप लागत होती. आडवा झाला की जीव कासावीस, म्हणून दोन उशा लावून बसवला होता. डोळे उघडायचा, पुन्हा मिटायचा. नऊच्या सुमाराला त्याने बाटली मागितली. पाच-सात चमचे आली असेल. मी बाटली घेऊन बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि बाटली धरली.

"बस करा, आक्का. तीनशे झाले का तिथं?"

शोभा दारात उभी होती. ती गेलीच नव्हती. जिन्यावर बसून राहिली होती.

मी नळ बंद केला. "बाटली धुऊन राहिली होती."

"आतमधलं न फेकता?" तिने माझ्या हातातून बाटली हिसकली. "तीन दिवस तुम्ही पाणी मोजून राहिले? माह्या नवऱ्याचा जीव जाऊन राहिला अन् तुम्ही नळाचं पाणी लिहून राहिले?"

"हळू बोल वं. मशीनवर चढवतीन ते त्याले. माह्या मालकाचं काय झालं ते तू पाहिलं नाही का? मशीनवर चढला का माणूस संपला. मी त्याले वाचवून राहिली."

"तुम्ही मारून राहिले!"

ती बाटली घेऊन वॉर्डातून ओरडत गेली. मी मागून तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला आणि मला कोपराने ढकललं. मी एका खाटेच्या लोखंडावर आदळले. त्या खाटेवरचा म्हातारा, नानाजी नावाचा, म्हणाला, "मारा मारा, इथं टाके घालायची सोय हाये." कोणीतरी हसलं.

शोभाने बाटली मॅडमसमोर टेबलावर आपटली. "हात लावून पाहा. थंडी हाये. माणसाची लघवी थंडी राहते का? नळाचं पाणी हाये हे. तीन दिवसांपासून. तिले विचारा."

मॅडमनी बाटलीला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. एवढ्या तरण्या पोरीने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

"आजी, खरी किती झाली?"

मी पदराला हात पुसू लागले.

"आजी, मला वेळ नाही. खरी किती?"

"काल दिवसभराची... शंभर असन. नसन तेवढीही."

मॅडम उठून धावल्याच. कवडूच्या पाठीला छाती तपासायची नळी लावली, "छाती भरलीय," म्हणाल्या. त्याचं सलाईन बंद केलं. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली आणि ती पट्टी शिकाऊ पोरीसमोर धरली. "हे टोक बघ, तंबूसारखं उभं. पोटॅशियम." रक्त धावत पाठवलं. शिरेतून हळूहळू एक इंजेक्शन दिलं, हृदय सांभाळायला. मग साखरेचं पाणी आणि इन्सुलिन. चारुलता सिस्टरने लघवीची नळी घातली. नळीतून पिशवीत आलं ते पंधरा मिली, काळं. सिस्टर पिशवीकडे बघत म्हणाल्या, "मी लांबून बघितलं. माझंच चुकलं," आणि माझ्याकडे वळून, "पण तुमचं तर पापच हाये, आजी."

पोटॅशियम सहा पॉइंट नऊ आलं.

मॅडम कागद घेऊन आल्या. "डायलिसिस आत्ता लावायचं. रक्त गोठतंय हे सकाळीच तपासलंय, त्यामुळे जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालता येईल. सही कोण करणार?"

"सही नाही करायची!" मी मध्ये पडले. "माह्या नवऱ्याले दोन वर्षं लावलं होतं. तो उतरला नाही."

"तुमच्या नवऱ्याला काय होतं?"

"साखर. वीस वर्षं."

"त्यांच्या किडन्या वीस वर्षांत झिजून गेल्या होत्या. ह्यांच्या पाच दिवसांपूर्वी चांगल्या होत्या. विषाने बंद पडल्यात. त्या सावरेपर्यंत काम मशीनने करायचं, बस. बहुतेकांच्या सावरतात. काही थोड्यांच्या नाही सावरत, ते मी लपवणार नाही. पण आज मशीन नाही लावलं तर दुपारपर्यंत हृदय थांबेल. परवाच लघवी शंभर आहे हे मला कळलं असतं तर मी परवाच लावलं असतं, आणि एवढं पाणीही भरलं नसतं."

"तुम्ही सगळे डॉक्टर असंच म्हणता."

"आक्का," शोभा म्हणाली, आणि माझ्या इतक्या जवळ आली की तिच्या तोंडाचा वास मला आला, "आता एक शब्द बोललात तर सिक्युरिटीले सांगून तुम्हाले फाटकाबाहेर काढीन. अन् तो मेला तर गावात दारोदार सांगीन का बहिणीनं मारला."

तिने सही केली. कवडूची खाट ढकलत नेली. जाताना त्याने डोळे उघडले आणि माझं नाव घेतलं नाही, शोभाचं घेतलं.

पास शोभाने काढून घेतला. मी जिन्यावर बसू लागले. रात्री दवाखान्याच्या धर्मशाळेत निजायचं आणि सकाळी पुन्हा जिन्यावर. आतली खबर कोणी मला द्यायचं नाही. नानाजीची सून रितिका पाणी भरायला खाली यायची, ती सांगायची. पहिल्या दिवशी मशीन दोनच तास लावलं, एकदम जास्त लावलं तर मेंदूला सूज येते म्हणे. दुसऱ्या दिवशी धाप गेली. मग दिवसाआड मशीन. पिशवीत रोज वीस, तीस, पंचवीस. मला ते आकडे पाठ झाले. रितिका म्हणाली, "तुमची भावजय दर तासाले पिशवीपुढे बसून राहते. कोणाले हात लावू देत नाही."

"मले माहीत हाये," मी म्हटलं.

मशीन पाच वेळा लागलं. बाराव्या दिवशी दीडशे आली. तेराव्या दिवशी चारशे. त्यानंतर मशीन लावलं नाही. सोळाव्या दिवशी अडीच हजार झाली, आणि रितिका धावत जिन्यावर येऊन म्हणाली, "आजी, तो तर नळासारखा मुतून राहिला!" मला हसू आलं, आणि पदरात तोंड घालून बसले. त्या दिवसांत त्याला उलट पाणी पाजावं लागायचं, कारण किडनी सावरायला लागली की आधी तिला पाणी आवरता येत नाही, सगळंच बाहेर टाकते. तेव्हाही बाहेर किती गेलं ते मोजूनच आत द्यायचं. क्रिएटिनिन नवाचं सहा झालं, मग चार. तीन महिने तपासत राहायचं, पूर्ण सावरेल की थोडी कमी राहील ते तेव्हाच कळेल, असं मॅडमनी शोभाला सांगितल्याचं रितिका म्हणाली.

मी शोभाला एकदा जिन्यावर गाठलं. "माह्यं चुकलं."

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. चुकलं म्हटलं."

"तुम्ही म्हटलं, मी ऐकलं. आता बाजूले सरका, मले औषध आणायचं हाये."

एकोणिसाव्या दिवशी तिला कवडूच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला दुसऱ्या इमारतीत जायचं होतं आणि तिथे रांग होती. दुसरं कोणी नव्हतं. तिने पास माझ्या मांडीवर टाकला. "एक तास. बसून राहायचं. कशाले हात लावायचा नाही."

कवडू खाटेवर पाय सोडून बसला होता. गालफडं बसली होती, गळ्याची हाडं वर आली होती. लघवीची नळी काढली होती, पुन्हा बाटली होती.  मी स्टुलावर बसले.

"कसं वाटते गा?"

"बरं हाये."

"जेवला?"

"हो."

मग त्याला लघवी लागली. त्याने माझ्याकडे पाठ केली, बाटलीत केली. बाटली अर्ध्याच्या वर भरली, फिकट पिवळी. चांगली लघवी. मी आपोआप उठले आणि हात पुढे केला.

"दे, सिस्टरले दाखवून आणते."

त्याने बाटली छातीशी घेतली.

"राहू दे, आक्का. मी नेतो."

"तुह्याच्यानं चालवत नाही रे."

"मी नेतो म्हटलं ना."

तो खाट धरून उभा राहिला.  पहिलं पाऊल टाकलं तेव्हा वाटलं, पडतो. एका हाताने खाटांच्या कडा धरत आणि दुसऱ्या हाताने बाटली धरून तो चालू लागला. सव्वीस, पंचवीस, चोवीस. नानाजी म्हणाला, "अरे, बहीण बसली हाये, तिले दे ना." कवडूने पुढची खाट धरली. सिस्टरच्या टेबलापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. चारुलता सिस्टरने बाटलीला बाहेरून हात लावून पाहिला, उजेडात धरली आणि कागदावर आकडा लिहिला. किती लिहिला ते मला इतक्या लांबून दिसलं नाही.